दोन चमच्यांपासून शून्यापर्यंत: शिफ्टवाल्यांची काळी कॉफी

हेडफोन लावलेत ना? कंपनीच्या बसमध्ये असाल, भोसरीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, नाहीतर चाकणच्या रूमवर नाईट संपवून नुकते आडवे झाला असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं लिहूनही देतोय.

आजचा विषय आहे कॉफी. दूध घातलेली, गोड, फेसाळ कॉफी पिणारा माणूस बिनसाखरेच्या काळ्या कॉफीपर्यंत कसा पोचतो? बरेच जण हे एका दिवसात करायला जातात. सोमवारी सकाळी काळी कॉफी, पहिल्याच घोटाला तोंड वाकडं, आणि मंगळवारी परत मशीनसमोर रांगेत. यात त्या माणसाच्या जिद्दीचा काही संबंध नाही. त्याने एकाच घोटात दोन गोष्टी काढून टाकल्या, साखर आणि दूध. जिभेला या दोन गोष्टींची सवय वेगवेगळ्या कारणांनी लागलेली असते, त्यामुळे ती सोडवायचीही वेगवेगळी. आधी साखर, मग दूध. आजचा सगळा भाग या एका वाक्याचा विस्तार आहे.

आधी मशीनकडे बघू

आपल्या पट्ट्यात, म्हणजे पिंपरी, चिंचवड, भोसरी, महाळुंगे, चाकण, बहुतेक कंपन्यांत लाइनच्या जवळ किंवा कॅन्टीनमध्ये एक मशीन असतं. बटण दाबलं की कॉफी. त्या मशीनच्या आत जे भरतात त्याला प्रीमिक्स म्हणतात. दूध पावडर, साखर आणि कॉफी पावडर, तिन्ही आधीच एकत्र. इथे खरी अडचण आहे. साखर आधीच मिसळलेली आहे, त्यामुळे ती तुम्ही कमी करू शकत नाही. कप अर्धा घेतलात तर साखर अर्धी होते, पण चव तेवढीच गोड राहते. म्हणजे जिभेचं शिक्षण शून्य.

कधी मशीन भरणाऱ्या दादांना विचारून ते पाकीट हातात घ्या. पाकिटावर घटकांची यादी असते आणि नियमानुसार ज्याचं वजन सगळ्यात जास्त त्याचं नाव पहिलं असतं. साखर कितव्या नंबरावर आहे बघा. पहिली असेल तर तुम्ही कॉफी घातलेली साखर पिताय, असं म्हणायला हरकत नाही. खाली पोषणाच्या तक्त्यात 'अ‍ॅडेड शुगर' असा आकडा असतो, 100 ग्रॅममागे. समजा तिथे 50 लिहिलंय आणि मशीन एका कपाला 14 ग्रॅम पावडर सोडतं, तर एका कपात 7 ग्रॅम साखर झाली. हे फक्त उदाहरण आहे, तुमच्या पाकिटाचा आकडा तुम्ही काढा.

आता याचा दिवसाचा हिशेब. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 साली आहाराच्या सूचना काढल्या. त्यात वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवा असं सांगितलंय. नाईटला चार कप होतात की नाही? सातने गुणलं तर 28. म्हणजे बिस्किट, क्रीमरोल, कोल्ड्रिंक यांचा विचार करायच्या आधीच मर्यादा ओलांडली. आणि यातलं काहीही आपण 'गोड खाल्लं' म्हणून मोजत नाही. आपण म्हणतो, 'नुसती कॉफी घेतली.'

जीभ शिकते, पण तिच्या वेगाने

मग साखर कमी केली तर जीभ खरंच बदलते का? अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल नावाची संस्था आहे, चव आणि वास यांवरच काम करणारी. त्यांच्या संशोधकांचा एक अभ्यास 2016 साली छापून आला. काही लोकांना तीन महिने कमी साखरेच्या आहारावर ठेवलं आणि काहींना त्यांच्या नेहमीच्या आहारावर. दर महिन्याला सगळ्यांना कमी-जास्त साखरेचं पुडिंग आणि सरबतासारखं पेय चाखायला द्यायचे आणि विचारायचे, किती गोड लागतंय?

पहिल्या महिन्यात फारसा फरक पडला नाही. नंतर मात्र कमी साखरवाल्यांना फरक जाणवायला लागला आणि तीन महिने संपता संपता तेच पुडिंग त्यांना दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 40 टक्के जास्त गोड लागत होतं. पेयाच्या बाबतीत परिणाम थोडा सौम्य होता, पण होता.

यातून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, आठवडाभरात निकाल मागू नका, जिभेला दोन-तीन महिने लागतात. दुसरी, त्या लोकांनी फक्त एका कपातली साखर कमी केली नव्हती, दिवसभराच्या खाण्यातली केली होती. म्हणून कॉफीत अर्धा चमचा कमी केला आणि सोबत क्रीमची बिस्किटं वाढवली, तर जीभ जागच्या जागी राहणार. तिसरी गोष्ट जरा कटू आहे. अभ्यास संपल्यावर त्यांना हवं ते खायला दिलं, तर एका महिन्यात सगळा फरक पुसला गेला. म्हणजे जीभ शिकते तशी विसरतेही. दिवाळीचे चार दिवस गोड खाल्लं म्हणून आभाळ कोसळत नाही, पण महिनाभर परत मशीनची कॉफी चालू केली तर पुन्हा सुरुवातीपासून.

आणखी एक. त्या अभ्यासात पदार्थ 'जास्त गोड' लागायला लागले, पण 'किती आवडलं' या उत्तरात फरक पडला नाही. म्हणजे कमी गोड आपोआप आवडायला लागेल असं गृहीत धरू नका. आवडण्यासाठी कॉफी मुळात चांगली बनवावी लागते. त्याकडे आपण शेवटी येऊ.

चमच्यांचं गणित

आता प्रत्यक्ष कृती. हिशेबासाठी एक माणूस धरू. चाकणला तिन्ही शिफ्ट करतो, रूमवर राहतो, दिवसाला चार कप, प्रत्येक कप 150 मिली, प्रत्येकात दोन सपाट चमचे साखर.

इथे 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा. चमचा भरून वर डोंगर केला तर साखर दीडपट होते आणि आपण म्हणतो दोनच चमचे घेतले. म्हणून बेकिंगवाले वापरतात तो मापाच्या चमच्यांचा संच घ्या. भांड्यांच्या दुकानात मिळतो, महाग नसतो. त्यात 5 मिलीचा चमचा असतो, अर्धा असतो आणि पावही असतो. 5 मिलीच्या सपाट चमच्यात साधारण 4 ग्रॅम साखर बसते, म्हणजे पाव चमच्यात 1 ग्रॅम. आपल्या माणसाच्या कपात 8 ग्रॅम आहे, दिवसाला 32.

पायऱ्या अशा: दोन चमचे, मग दीड, मग सव्वा, मग एक, मग पाऊण, अर्धा, पाव आणि शेवटी शून्य.

आता गंमत बघा. दोनवरून दीडवर आलात तेव्हा साखर पाव हिश्शाने कमी झाली. पण अर्ध्यावरून पाव चमच्यावर आलात तेव्हा ती थेट निम्मी झाली. चमचा छोटा आहे, पण जिभेसाठी उडी मोठी आहे, कारण जीभ ग्रॅम मोजत नाही, आधीच्या चवीशी तुलना करते. 'एक चमच्यापर्यंत आरामात आलो, पुढे जमेना' असं लोक म्हणतात ते यामुळेच. ते सुरुवातीला जपून चालतात आणि शेवटी घाई करतात. करायचं उलट. दीड, सव्वा आणि एक या पायऱ्यांना एकेक आठवडा पुरतो. पाऊण, अर्धा आणि पाव यांना दोन-दोन आठवडे द्या. सगळे मिळून नऊ आठवडे झाले. दहाव्या आठवड्यात साखरेचा चमचा धुऊन ठेवायचा. या सगळ्या काळात दूध आहे तेवढंच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही.

पुढच्या पायरीवर जायची वेळ झाली हे कसं ओळखायचं? कॅलेंडरवरून नाही. कप अर्धा झाला आणि साखरेचा विचारच मनात आला नाही, असं सलग तीन दिवस झालं की पुढे जा. अजूनही प्रत्येक घोटाला 'काहीतरी कमी आहे' असं वाटत असेल तर त्याच पायरीवर आणखी एक आठवडा थांबा. पण मागे जाऊ नका.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक छोटी परीक्षा घ्या. मशीनची जुनी कॉफी घ्या, फक्त दोन घोट. पूर्वी 'बरोबर' लागणारी कॉफी आता गोडमिट्ट लागली, घशाशी चिकटल्यासारखी वाटली, तर समजा जीभ सरकली.

कंपनीत हे कसं जमवायचं?

रूमवर सगळं सोपं आहे, प्रश्न शिफ्टचा आहे. त्यासाठी स्वतःचं प्रीमिक्स बनवा. बऱ्याच मशीनला गरम पाण्याचं वेगळं बटण असतं, ते आपलं बटण. छोट्या डब्या घ्या, एका डबीत एका कपाचं सामान: एक सपाट चमचा इन्स्टंट कॉफी, दोन मोठे चमचे दूध पावडर आणि त्या आठवड्याची ठरलेली साखर. शिफ्टला निघताना जितके कप तितक्या डब्या बॅगेत. साखर रूमवरच मोजली गेली, त्यामुळे रात्री तीन वाजता झोपाळलेल्या डोळ्यांनी ठरवायचं काही उरत नाही.

दूध पावडर घेताना मात्र पाकीट उलटं करून वाचा. डेअरी व्हाइटनर म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा साखर मिसळलेली असते. घटकांत साखर असेल तर ते बाजूला ठेवा आणि साधी दूध पावडर घ्या. नाहीतर तुम्ही चमच्याने साखर काढताय आणि पावडरमधून परत घालताय.

गूळ घातला तर चालेल का, असंही बरेच जण विचारतात. जिभेसाठी गूळ म्हणजे गोडच. गोळी किंवा थेंबवाली कृत्रिम साखर घातली तर कॅलरी वाचतील, पण गोडीची सवय तिथेच राहील, आणि आपल्याला तीच तर कमी करायचीये.

त्यापेक्षा आपल्या घरातली एक जुनी युक्ती वापरा. मराठी घरात पाहुण्यांसाठी कॉफी करायची म्हणजे त्यात जायफळ, कधी वेलची. या वासांची आपल्या डोक्यात गोडाशी जोडी बसलेली आहे: श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी. म्हणून साखर कमी असली तरी जायफळाच्या वासाने कॉफी थोडी भरलेली वाटते. किसणीवर एकदाच हलकेच घासायचं, बस. जायफळ जास्त झालं तर त्रास होतो, त्यामुळे हात आवरता ठेवा. पाऊण ते पाव चमच्याच्या अवघड टप्प्यात याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

आणि हो, गावी गेल्यावर काकू विचारणारच, 'काय रे, एवढ्या लहान वयात शुगर निघाली का?' तिथे भाषण देऊ नका. 'काकू, माझ्या कपात साखर नंतर घाला, मी घेतो माझ्या हाताने' एवढं म्हटलं की काम होतं.

आता दूध

साखर शून्यावर आली की लगेच दूध काढू नका. बिनसाखरेची दुधाची कॉफी दोन आठवडे प्या. ती अगदी अळणी लागत नाही, कारण दुधात स्वतःची साखर असते, लॅक्टोज. ती नेहमीच्या साखरेपेक्षा खूपच कमी गोड असते, पण आता तुमची जीभ ती ओळखायला लागलेली असते.

दूध कॉफीत नेमकं काय करतं? कॉफीत कडूपणा असतो आणि तुरटपणाही असतो, जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते तो. दुधातली प्रथिनं हे तुरट घटक धरून ठेवतात आणि दुधातली चरबी तोंडाला मऊपणा देते. दूध कमी केलं की हे दोन्ही उघडे पडतात. म्हणून इथेही पायऱ्याच. 150 मिली कपात 75 मिली दूध असेल तर 50, मग 30, मग 15, आणि मग शून्य. प्रत्येकाला एक आठवडा. जेवढं दूध कमी तेवढं पाणी वाढवायचं. शिफ्टच्या डबीत हाच हिशेब दूध पावडरला लावा: दोन मोठे चमचे, मग सव्वा, मग पाऊण, मग जेमतेम अर्धा. शेवटच्या दोन पायऱ्यांना कॉफी पावडरही एका चमच्याऐवजी पाऊण चमचा करा. पहिली काळी कॉफी पातळच असू दे, घट्ट करायला आयुष्य पडलंय.

याच टप्प्यावर बऱ्याच जणांना वाटतं, 'मला काळी कॉफी झेपत नाही.' खरं तर त्यांना ती बाटलीतली पावडर झेपत नसते. बाटलीच्या लेबलवर कॉफी आणि चिकोरीचं मिश्रण लिहिलेलं असतं, टक्केवारीसकट. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्याने रंग गडद होतो, चव जाड आणि कडवट होते. भरपूर दूध आणि साखरेत ते छान लागतं, कारण ते त्यासाठीच आहे. पण दूध काढलं की तोच कडवटपणा पुढे येतो. म्हणून काळ्या कॉफीसाठी बिनचिकोरीची कॉफी घ्या. शक्य असेल तर अरेबिका. आपल्या देशात जास्त पिकते ती रोबस्टा, ती जास्त कडू असते आणि तिच्यात कॅफीनही अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. भाजणीत डार्कऐवजी मिडीयम निवडा.

बनवताना दोन गोष्टी सांभाळा. पावडरवर थेट उकळतं पाणी ओतू नका. आधी चमचाभर साध्या पाण्यात पावडर कालवा, मग उकळी बसल्यावर मिनिटभर थांबलेलं पाणी घाला. आणि चटका बसेल इतकी गरम पिऊ नका. थोडी निवल्यावर कॉफीतला आंबटपणा, भाजल्याचा वास आणि शेवटी येणारी हलकी गोडी असं वेगवेगळं कळायला लागतं. तरीही कडू लागली तर मिठाचे चार-पाच कण टाकून बघा. खारट लागता कामा नये. मीठ कडूपणा दाबतं, हे चवीच्या शास्त्रात चांगलं माहीत असलेलं आहे.

नाईटवाल्यांनो, हे शेवटचं ऐका

साखर गेली म्हणून काळी कॉफी कितीही प्यायची असं होत नाही. गोड कॉफीचा एक फायदा होता, तिसऱ्या कपाला कंटाळा यायचा. काळीचा येत नाही. आयसीएमआरच्या त्याच सूचनांत कॅफीनची मर्यादा दिवसाला 300 मिलिग्रॅम दिली आहे. 150 मिली इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 मिलिग्रॅम असतं, पावडर उकळून किंवा गाळून केलेल्या कॉफीत 80 ते 120. म्हणजे इन्स्टंटचे चार कप आत बसतात, गाळलेल्या कॉफीचे तीनसुद्धा काठावर. वरून टपरीवरचा चहा असेल तर तोही यातच धरायचा.

आणि वेळ. 2013 साली आलेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली. आपल्या चाकणच्या माणसाची नाईट सकाळी सातला सुटते, बस, नाश्ता, आंघोळ, नऊला तो झोपतो. नऊमधून सहा गेले, तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आधी शेवटचा कप. पाच वाजता डोळे मिटायला लागले म्हणून घेतलेला कप तुमच्या सकाळच्या झोपेतून वजा होतो, आणि मग पुढच्या रात्री आणखी एक कप लागतो.

जेवणाच्या लगेच आधी किंवा नंतर कॉफी नको, तासाभराचं अंतर ठेवा, कारण अन्नातलं लोह अंगी लागण्यात ती आडवी येते. रिकाम्या पोटी काळी कॉफी घेऊन जळजळ होत असेल तर आधी काहीतरी खा. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रोजची साखर एवढी कमी करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

तर पूर्ण हिशेब मांडू. नऊ आठवडे साखर, दोन आठवडे बिनसाखरेची दुधाची कॉफी, तीन आठवडे दूध कमी करत जाणं, म्हणजे जवळपास सव्वातीन महिने. आपल्या माणसाची दिवसाची 32 ग्रॅम साखर गेली, म्हणजे महिन्याला जवळपास एक किलोची पिशवी. आणि तुम्ही मधेच कुठे थांबलात, अगदी पाव चमचा साखर आणि थोडं दूध इथेच थांबलात, तरी दिवसाची 28 ग्रॅम कमी झाली. काळी कॉफी आवडली नाही तर तिथेच खुशाल राहा.

तुमचा कप सध्या किती चमच्यांवर आहे ते मोजा, सपाट चमच्याने, आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत बस चुकवू नका. राम राम!